मामाने चांगला नारळ पाण्यात का टाकला? नारळी पौर्णिमा आठ चित्रांत सांगण्याची रीत

मालवणच्या बंदर जेटीवरून नारळी पौर्णिमेचा व्हिडिओ मी दरवर्षी कॅलगरीला बहिणीकडे पाठवतो. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, त्यामुळे आपल्या संध्याकाळी तिथे नुकतं उजाडत असतं. दोन वर्षांपूर्वी दुसरीतल्या भाचीने दुधाचा पेला हातात धरून तो बघितला आणि विचारलं, "मामा, चांगला नारळ पाण्यात का टाकलास? कचरा नाही का होत?"

प्रश्न अगदी सरळ होता आणि मला तो सरळ सांगता येईना. मी वरुणदेव, कृतज्ञता, संस्कृती असे शब्द वापरले. ती "ओके" म्हणाली आणि दूध पिऊ लागली. त्या रात्री बहिणीचा निरोप आला : "दादा, इथल्या तीन-चार मराठी घरांत हेच आहे. सण करतो, पण पोरांना सांगता येत नाही. मोबाइलवर एकेक चित्र सरकवत दाखवता येईल असं काहीतरी करून दे."

मी ते केलं. पहिलं साफ फसलं, दुसरं जमलं. तुम्ही कोकणात राहून परदेशातल्या भाच्या-पुतण्यांसाठी असं कॅरोसेल करणार असाल, किंवा परदेशात राहून स्वतःच्याच मुलांसाठी करणार असाल, तर हा सगळा खटाटोप कसा करायचा ते क्रमाने लिहितो. चित्रांवरचा मजकूरही दिला आहे, तो जसाच्या तसा घ्या.

आधी खरं काय ते ठरवा

पहिल्या कॅरोसेलमध्ये मी लिहिलं होतं, "नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो." पाठवण्याआधी शेजारच्या तांडेलकाकांना दाखवलं. त्यांचा जन्म होडीवर गेलेला. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "दर्याक काय पंचांग कळता?"

त्यांचं बरोबर होतं. पौर्णिमेला तर उधाणाची भरती असते. त्या दिवशी पाणी जेटीच्या पायऱ्यांवर नेहमीपेक्षा वर चढलेलं असतं, आणि व्हिडिओत लाटा आपटताना बघणाऱ्या मुलाला "समुद्र शांत झाला" म्हटलं की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. खरी गोष्ट अशी की जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो, श्रावणाच्या मध्यापर्यंत तो हळूहळू पडायला लागतो आणि होड्या पुन्हा आत नेण्याजोगा दर्या होत जातो. ऑगस्टमध्येही एखादं वादळी हवामान आलं की बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो आणि होड्या पुन्हा किनाऱ्यालाच राहतात. म्हणून आता मी लिहितो, "वारा कमी होऊ लागतो." एवढ्या एका बदलाने वाक्य खरं झालं.

दुसरी गोष्ट मासेमारीच्या बंदीची. आपल्याकडे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रात मासेमारी करता येत नाही. हा सरकारी नियम आहे, आणि त्यामागे खवळलेला समुद्र आहे तसा माशांचा अंडी घालण्याचा काळही आहे. त्यामुळे पुष्कळ होड्या १ ऑगस्टनंतर, पौर्णिमेच्या आधीच बाहेर पडलेल्या असतात. "नारळ टाकल्याशिवाय कोणी जात नाही" असं लिहाल तर ते आज खरं नाही. "पूर्वी जात नसत, आजही बरेचजण नारळ दिल्यावरच मनाने निघतात" हे खरं आहे.

तिसरी गोष्ट माणसांची. मुंबई-रायगडाकडे हा सण कोळी समाजाचा म्हणून ओळखला जातो आणि चित्रांतही कोळी पोशाखच दिसतो. पण सिंधुदुर्गात दर्यावर जाणारा मोठा समाज गाबीत आहे, आणि भंडारी, खारवी, दालदी मुसलमान हेही याच पाण्यावर जगतात. शिवाय हा फक्त मासेमारांचा सण कधीच नव्हता. पावसाळ्यात गलबतं, मचवे किनाऱ्याला लागत, व्यापार थांबे आणि या पौर्णिमेपासून तो पुन्हा सुरू होई. म्हणून मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ दर्याला दिला जातो आणि मग बंदरावर व्यापारी आणि गावकरी आपापले नारळ देतात. तुमचं गाव हर्णै असेल, श्रीवर्धन असेल, वेंगुर्ला असेल, तर तुमच्या बंदरावर काय होतं तेच सांगा. मुलाला "आपल्या गावात" हे शब्द लागतात.

एकच प्रश्न, एकच धागा

त्याच पौर्णिमेला राखी असते, श्रावणी असते, जानवं बदलतात. पहिल्या खेपेला मी हे सगळं भरलं आणि चौदा चित्रं झाली. भाचीने तिसऱ्यावर बोट थांबवलं आणि चित्रकलेची वही काढली. दुसऱ्या खेपेला फक्त तिचाच प्रश्न घेतला, नारळ पाण्यात का टाकला. जे चित्र या प्रश्नाच्या उत्तराकडे नेत नाही ते काढून टाकलं. आठ उरली.

क्रमातही एक गोष्ट शिकलो. आपण देवापासून सुरुवात करतो, मुलाला मात्र आधी वस्तू दिसायला हवी. म्हणून सुरुवात होडीपासून करायची. होडीला सुट्टी का, सुट्टी संपली म्हणजे काय, मग दर्याला काय द्यायचं, नारळच का. एवढं कळल्यावर दर्याला देव का म्हणतात हे मूल न सांगता ओळखतं.

आठ चित्रं

मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी लिहा. तिकडच्या मुलांना मराठी कानाला कळतं, डोळ्यांना कळेलच असं नाही. वाचणार आई किंवा बाबा. म्हणून वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे आणि एका चित्रावर वीस-पंचवीसपेक्षा जास्त शब्द नकोत.

१. चित्र : पाण्यावर तरंगणारा एक नारळ, बाकी काही नाही.
"मामाने चांगला नारळ समुद्रात टाकला. का बरं? सरकवत जा, सापडेल."

२. चित्र : किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवलेली होडी.
"ही होडी झोपली आहे. पावसाळ्यात वारा जोरात आणि लाटा उंच. म्हणून होडीला दोन महिने सुट्टी."

होडी पूर्वी माडाच्या झावळ्यांच्या झापांनी शाकारत, आता बहुतेक ठिकाणी निळी ताडपत्री दिसते. ताडपत्रीचाच फोटो घ्या. जुनं सुंदर चित्र शोधत बसू नका, कारण मूल सुट्टीत गावी येईल तेव्हा त्याला ताडपत्रीच दिसणार आहे आणि "ही ती झोपलेली होडी" हे त्याला ओळखता आलं पाहिजे.

३. चित्र : जाळं शिवणारे हात, जवळून.
"होडी झोपली, पण माणसं जागी आहेत. फाटलेलं जाळं शिवतात, इंजिन दुरुस्त करतात, होडीला रंग देतात."

हा फोटो भाचीला सगळ्यात आवडला, आणि मला वाटतं तो चुकवू नये. तांडेलकाकांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, उजव्या हातात दोऱ्याने भरलेली सुई, आणि निळ्या जाळ्यात नव्या पांढऱ्या दोऱ्याचं ठिगळ. तिने मोठं करून करून पाहिलं आणि विचारलं, "पायाने का धरलंय?" जाळं ताणून धरल्याशिवाय गाठ सारखी बसत नाही, म्हणून. फोटो काढताना चेहरा येणार असेल तर आधी विचारा, आणि कोणाला दाखवणार तेही सांगा. हातांचा फोटो पुरतो.

४. चित्र : पाण्याखालची मासळी, मुलाकडून काढून घेतलेलं रेखाचित्र चालेल.
"याच दिवसांत पुष्कळ मासे अंडी घालतात. त्यांनाही सवड मिळते. पिल्लं मोठी होतात."

५. चित्र : पौर्णिमेचा चंद्र आणि बंदर.
"श्रावणातली पौर्णिमा आली. वारा कमी होऊ लागला. आता होड्या पुन्हा दूर जाणार. घरच्यांना काय वाटत असेल?"

या चित्रावर थांबायचं. वाचणाऱ्याने पुढचं सरकवू नये, उत्तर मुलाकडून येऊ द्यावं. "भीती वाटत असेल" हे बहुतेक मुलं स्वतःहून म्हणतात. सणाचा अर्थ तिथे सापडतो : दर्या पोट भरतो आणि दर्याच माणूस नेऊही शकतो. ज्याची भीती वाटते आणि ज्याच्यावर जगतो, त्याच्यापुढे माणूस हात जोडतो.

६. चित्र : नारळावर हळद-कुंकू, हातात धरलेला.
"म्हणून दर्याला आधी भेट द्यायची. म्हणायचं, आमच्या माणसांना सुखरूप परत आण."

७. चित्र : सोललेल्या नारळाचे तीन डोळे.
"नारळच का? तो किनाऱ्यावरच वाढतो, घराघरात असतो. आणि तो पाण्यावर तरंगत जाऊन दुसऱ्या किनाऱ्यावर रुजतोसुद्धा!"

८. चित्र : पाण्यातले नारळ गोळा करणारी मुलं, पाठमोरी.
"मग कचरा होतो का? नारळ झाडाचं फळ आहे. तरंगून परत येतो, मुलं गोळा करतात. प्लास्टिकची पिशवी मात्र कधीच टाकायची नाही."

आठवं चित्र थेट भाचीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून ते शेवटी. बंदरावरची पोरं पोहत जाऊन नारळ आणतात हे मी लपवलं नाही. काहींना ते सांगणं बरं वाटत नाही. मला वाटतं, मुलांना तेच सगळ्यात आवडतं, आणि दर्याने घेतलं, दर्याने परत दिलं, यात चुकीचं काही नाही.

राखीसाठी वेगळं कॅरोसेल करा. फार तर खाली वेगळ्या ओळीत लिहा की याच पौर्णिमेला राखीही असते.

अक्षरं : दर्या आणि दऱ्या

चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचं, उभं करा. मोबाइलवर ते आडव्या चित्रापेक्षा मोठं दिसतं. त्या मापावर अक्षर निदान ४८ आकाराचं हवं, आणि दोन ओळींत मोकळी जागा जास्त ठेवा, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी असते नि खाली उकार. ओळी जवळ आल्या की "सुखरूप"चा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. वाचता येतं का हे बघण्याची सोपी पद्धत म्हणजे मोबाइल हातभर लांब धरायचा आणि चष्मा असलेल्या कोणाला तरी वाचायला लावायचं.

टंक युनिकोडच घ्या. मुक्त, बालू किंवा तिरो देवनागरी मराठी हे फुकट मिळतात. तिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात केलेलं काम दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की भलतीच अक्षरं दिसतात.

या विषयात एक चूक हमखास होते. "दर्या" म्हणजे समुद्र, इथे य वर रफार. "दऱ्या" म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा, इथे आडवा र. उलट "किनाऱ्यावर" लिहिताना आडवा र हवा, रफार नको. माझ्या पहिल्या कॅरोसेलमध्ये सहाव्या चित्रावर "दऱ्याला भेट द्यायची" असं गेलं होतं, आणि कॅलगरीच्या आसपास डोंगरच असल्यामुळे बहिणीला ते सुरुवातीला खरंच वाटलं. आडवा र उमटत नसेल तर कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ शोधा, त्याला हलन्त द्या आणि मग य टाइप करा. शेवटी चित्र मोठं करून फक्त हे दोन शब्द तपासा.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात "३/८" असा क्रमांक लहान अक्षरांत घाला. मी घाईत फोटो उलटसुलट निवडून ग्रुपवर पाठवले होते आणि दुसऱ्या घरात मुलांनी गोष्ट आठव्यापासून वाचली. क्रमांक असता तर लगेच कळलं असतं. ग्रुपवर पाठवायचं तर आठही चित्रांची एक पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवणं बरं, क्रम बिघडत नाही आणि अक्षरं धूसर होत नाहीत. इन्स्टाग्रामवर टाकायचं असेल तर वेगवेगळी चित्रं लागतील. मूल टॅबवर बघणार असेल तर पीडीएफच सोयीची.

चित्रांवर तारीख लिहू नका. पौर्णिमा दोन दिवसांत विभागली जाते तेव्हा घोटाळा होतो : २०२५ साली नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला होती आणि राखी ९ ऑगस्टला, कारण पौर्णिमा आठ तारखेच्या दुपारी लागून नऊच्या दुपारी संपली. परदेशात वेळ बदलल्यावर दिवसही बदलू शकतो. तारीख सोबतच्या निरोपात लिहा, म्हणजे चित्रं दरवर्षी वापरता येतील. शाळा-नोकरीमुळे जवळच्या शनिवारी सण केला तरी चालेल, फक्त त्या रात्री मुलाला खिडकीतून चंद्र दाखवा आणि तो पूर्ण आहे की थोडा कापलेला, हे त्यालाच ठरवू द्या.

घरी काय करायचं : टब, गाऱ्हाणं आणि भात

कॅलगरीला समुद्र नाही. बो नदी आहे, पण नदीत, तळ्यात, सार्वजनिक किनाऱ्यावर नारळ टाकू नका. तिथले नियम वेगळे असतात आणि तिथल्या पाण्यात नारळ हे परकं फळ आहे. घरातला टब किंवा मोठं घमेलं पुरतं.

नारळ दोन आणा. परदेशातल्या दुकानात नारळ बरेच दिवस पडून असतो आणि एखादा आतून खराब निघतो. हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे, हलवल्यावर पाणी खळखळलं पाहिजे, आणि तिन्ही डोळे कोरडे, बुरशी नसलेले हवेत. डोळा ओलसर असेल किंवा आंबूस वास येत असेल तर तो घेऊ नका. शेंडी मिळणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

टबात पाणी भरण्याआधी मुलाला विचारा, "तरंगेल की बुडेल?" सगळ्यांकडून उत्तर घ्या, मग सोडा. पाणी खळखळणारा नारळ बहुधा तरंगतो, कारण खळखळ तेव्हाच होते जेव्हा आत पाण्याबरोबर हवाही असते. काठोकाठ पाण्याने भरलेला नारळ जवळजवळ बुडूही शकतो. दोन नारळ असल्याचा हा दुसरा फायदा, दोघांची तुलना करता येते. सालीसकट अख्खा नारळ मात्र सालीतल्या काथ्यामुळे आरामात तरंगतो, आणि तोच दूर जाऊन रुजतो, हे सातव्या चित्राला जोडून सांगा.

मग नारळाला हळद-कुंकू, एक फूल. चॉकलेटचा सोनेरी कागद जपून ठेवला असेल तर नारळाला गुंडाळा. कोळीवाड्यांत सोनेरी कागदाचा "सोन्याचा नारळ" करतात, मुलांना ते फार आवडतं. पाण्यात कागदी होड्या सोडा, एकेका होडीवर घरातल्या माणसाचं नाव लिहून. मूल नारळ दोन्ही हातांनी पाण्यात ठेवेल, फेकणार नाही. टबात फेकला तर घरभर पाणी होतं हे एक, आणि भेट हाताने द्यायची असते हे दुसरं.

आणि मग गाऱ्हाणं घाला. आमच्या सिंधुदुर्गात देवाला गाऱ्हाणं घालतात, एकजण म्हणतो आणि बाकी सगळे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा!" म्हणतात. हा भाग बहिणीने पहिल्यांदा केला तेव्हा शेजारच्या घरातली पाच मुलं होती आणि त्यांना एक शब्दही पाठ करावा लागला नाही. मोठ्या माणसाने म्हणायचं :

"बा दर्याराजा, आज ह्यो नारळ तुका अर्पण केलो हा, तो मान्य करून घे."
"होय म्हाराजा!"
"जो कोण दर्यात गेलो हा, तेका सुखरूप घराक आण."
"होय म्हाराजा!"
"आणि आमची पोरा लांब रवतत, तेंका सांभाळ."
"होय म्हाराजा!"

तिसरी ओळ तुमच्या घराप्रमाणे बदला. मूल नवीन शाळेत जाणार असेल, आजी आजारी असेल, ते त्यात येऊ द्या. मालवणी येत नसेल तर प्रमाण मराठीत म्हणा, "होय म्हाराजा" मात्र तसंच ठेवा.

नारळ पाण्यातून काढल्यावर मुलाला तिन्ही डोळे बोटाने दाबून बघू द्या. एक डोळा इतर दोघांपेक्षा मऊ असतो. कोंब त्यातूनच बाहेर येतो. मोठ्यांनी त्याच मऊ डोळ्यात टोकदार काहीतरी घालून पाणी पेल्यात काढून घ्यावं, आंबट लागलं तर नारळ बाद. मग नारळ टॉवेलमध्ये गुंडाळून, मधल्या पट्ट्यावर हातोडीने फिरवत फिरवत ठोके द्यावेत. परदेशी नारळावर पुष्कळदा कापाची एक रेघ आधीच असते, तिच्यावर ठोका दिला की तो सरळ दुभंगतो. विळी-खवणी नसेल तर वाट्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, खोबरं करवंटीपासून सुटतं. तुकडे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, एकसलग फिरवलं तर त्याचं दूध सुटून गोळा होतो.

नारळी भात चार माणसांना पुरेल असा : एक वाटी तांदूळ, एक वाटी ओलं खोबरं, पाऊण वाटी किसलेला गूळ, दोन मोठे चमचे तूप, चार लवंगा, पाव चमचा वेलचीपूड, चिमूटभर मीठ, आवडीप्रमाणे काजू-बेदाणे. आंबेमोहर मिळाला तर उत्तम, नाहीतर बासमती चालेल.

तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. तुपात लवंगा घालून त्या फुलल्या की तांदूळ दोन-तीन मिनिटं परता, मीठ घाला आणि पावणेदोन वाट्या उकळतं पाणी घालून भात शिजवा. दाणा बोटाने दाबल्यावर पूर्ण मोडला पाहिजे. भात अर्धकच्चा असताना गूळ घातला तर तो पुढे शिजतच नाही, दाणे दडदडीत राहतात आणि कितीही वाफ दिली तरी सुधारत नाहीत. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण "पुढे शिजेल" असं वाटतं. शिजलेला भात ताटात पसरून निववा. खोबरं आणि गूळ एकत्र करून मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच ठेवा, पाक करू नका. त्यात वेलची, काजू-बेदाणे आणि भात घालून हलक्या हाताने मिसळा. गुळाचं पाणी सुटून भात आधी सैल दिसेल, घाबरू नका. पातेलं तव्यावर ठेवून, झाकण घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं वाफ आणा, पाणी मुरतं आणि भात मोकळा होतो. मुलांच्या पानात वाढताना लवंगा मोजून काढा, चारही. काजूची ॲलर्जी असलेलं मूल येणार असेल तर काजू वगळा, चवीत फार फरक पडत नाही.

ताजा नारळ खराब निघाला तर गोठवलेलं खोवलेलं खोबरं घ्या आणि ते पूर्ण वितळू द्या. सुकं किसलेलं खोबरं असेल तर गरम दुधात वीस मिनिटं भिजवा, नाहीतर भात घशाला कोरडा लागतो.

कॅरोसेल, टब, गाऱ्हाणं, भात या सगळ्याला मुलांबरोबर दीड तास धरा. भात आधी शिजवून निवत ठेवला तर एका तासात होतं. कॅरोसेल जेवणाआधी, टबाशेजारी बसून दाखवा. जेवल्यानंतर कोणी बघत नाही.

गेल्या वर्षी मी जेटीवरून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे भाची टबाशेजारी बसली होती आणि मैत्रिणीला समजावत होती, होडी दोन महिने झोपली होती म्हणून. मी नारळ पाण्यात सोडला तेव्हा लाट पायरीवर चढली आणि नारळ परत माझ्या पायाशी आला. ती ओरडली, "मामा, दर्याने परत दिला! पुन्हा दे!"

मी पुन्हा दिला.